दोरीला कुलूप म्हणणारी

वकिलांच्या खोलीत बेसिनजवळ एक खुर्ची होती. तिच्यावर बसणाऱ्याच्या पाठीवर हात धुणाऱ्यांचे शिंतोडे उडायचे. ज्याला कुणी विचारत नाही त्याची ती खुर्ची, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. आपली बाई त्या खुर्चीवर कितीतरी वर्षं बसली. प्रतिज्ञापत्रं, भुरट्या चोरांचे जामीन, भाडेकरूंची भांडणं, असलं चिल्लर काम करत बसली. आणि मग एका दोरीने तिला उचलून खिडकीपाशी नेऊन बसवलं. तेव्हापासून सगळे तिला दोरीबाई म्हणू लागले. तोंडावरसुद्धा म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. काय करणार, माणसाला एकदाच काहीतरी मिळालं की ते तो छातीला लावूनच फिरतो.

ती दोरी कसली, ते आधी सांगायला हवं.

एका वृद्धाश्रमात आग लागली होती. दारांना बाहेरून कुलपं होती, आणि आतली माणसं आतच गेली. त्याआधीचे अग्निशमनाचे नियम दारं किती असावीत, जिने किती रुंद असावेत एवढंच सांगायचे. ती दारं बंद करून ठेवण्याबद्दल त्यांत अवाक्षर नव्हतं. बोंबाबोंब झाली, चौकशी समिती बसली, आणि कायदेमंडळाने नवा कायदा केला. त्यातलं कलम असं होतं: परावलंबी व्यक्ती राहत असलेल्या जागेच्या दाराला, ती व्यक्ती आत असताना, जो कोणी बाहेरून कुलूप लावील त्याला कैद, आणि त्यामुळे मृत्यू झाला तर किमान तीन वर्षं कैद.

कायदा लागू झाला त्याच आठवड्यात दुसऱ्या एका आश्रमवाल्याने आपली सगळी कुलपं भंगारात दिली. वा, केवढा कायदाप्रेमी माणूस! आणि बाजारातून नायलॉनची दोरी आणली. रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने दाराच्या कडीतून आणि बाजूच्या गजातून ती ओवायचा आणि गाठ मारायचा. तपासणीला आलेल्या माणसाला सांगायचा, "बघा साहेब, कुलूप दिसतंय का कुठे?" मग एका रात्री तिथेही पेट घेतला. नायलॉन वितळलं, त्याचा गोळा झाला, आणि गाठ सोडायची म्हटली तरी गाठच उरली नाही. आतली चार माणसं मेली. त्यांतला एक म्हणजे गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं मशीन टाकून बसणाऱ्या बाईचा बाप.

खालच्या न्यायालयाने आश्रमवाल्याला सोडून दिलं. त्याचा वकील पांढऱ्या मिशांचा, शांत, गोड बोलणारा. त्याने एकच मुद्दा मांडला आणि बसला. कायद्यात शब्द आहे कुलूप. कुलूप म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. दोरी म्हणजे कुलूप नव्हे. हा फौजदारी कायदा आहे, माणसाला तुरुंगात घालणारा. इथे शब्द ताणायचा नसतो; शंका आली तर ती आरोपीच्या पदरात टाकायची असते. शब्द स्पष्ट असला की शब्दाप्रमाणेच चालायचं, निकाल कितीही वाईट लागो. कायदेमंडळाला दोरी हवी असती तर त्यांनी दोरी लिहिली असती. भोक असेल तर ते कायदेमंडळाने बुजवावं, न्यायाधीशाने नव्हे.

मेलेल्यांचे घरचे मोठ्या वकिलांकडे फिरले. सगळ्यांनी हात वर केले. शेवटी शिलाईवाली बेसिनजवळच्या खुर्चीपाशी आली आणि आपली बाई उठून उभी राहिली. सरकारच्या अपिलात घरच्यांच्या वतीने बोलायचं तिने कबूल केलं.

वरच्या न्यायालयात ती जे बोलली ते आजही लोक सांगतात. हातात फक्त कायद्याची प्रत आणि चौकशी समितीचा अहवाल. ती म्हणाली, शब्दाकडे बघण्याआधी चार प्रश्न विचारायची जुनी रीत आहे, ती वापरू. हा कायदा यायच्या आधी काय कायदा होता? त्याच्यातून कोणता दोष सुटून जात होता? त्या दोषावर कायदेमंडळाने काय उपाय काढला? आणि तो उपाय काढायचं खरं कारण काय? एकदा हे कळलं की न्यायाधीशाचं काम एवढंच, की दोष दाबायचा आणि उपाय पुढे न्यायचा. पळवाट काढणाऱ्याला पळू द्यायचं नाही. मग ती आश्रमवाल्याकडे न बघता म्हणाली, "कुलपाला निदान किल्ली असते, महाराज. या दोरीला तीही नव्हती."

एवढ्यावर थांबली असती तर!

पण न्यायाधीशांनी विचारलं, "तुमच्या मते हा दोष नेमका कोणता, ते एका वाक्यात सांगा." आणि बाईला त्या क्षणी चेव चढला. सोपं उत्तर समोर होतं: आश्रम चालवणारे लोक आपल्या सोयीसाठी माणसं कोंडून ठेवत होते. समितीच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर तसं होतं. तिच्या पक्षकारांना त्याहून काही नको होतं. पण ते वाक्य तिला रुचलं नाही, बसकं वाटलं. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या भरवशावर जगणारा कुठलाही माणूस, कुठल्याही छपराखाली, कुणीही, कशानेही बंद केलेल्या दारामागे मरू नये. हा या कायद्याचा प्राण आहे."

न्यायाधीशांनी ते वाक्य उतरवून घेतलं. पुढे निकालात ते जसंच्या तसं आलं. आश्रमवाल्याला शिक्षा झाली. शिलाईवाली जिन्यावर तिच्या गळ्यात पडून रडली, आणि बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तिचे म्हातारे सिनियर मात्र खूश नव्हते. त्यांच्याच हाताखाली ती गाऊन घालायला शिकली होती. ते म्हणाले, "जिंकलीस, छान. पण दोष विचारून सुरुवात केलीस आणि हेतूवर जाऊन बसलीस. दोष घडलेला असतो, त्याला कडा असतात. हेतूला कडा नसतात. कुणाकुणाला आत घेतलंस, मोजलंस का?"

"सर, आश्रमवाला आत गेला ना? मग झालं!"

"तो गेलाच असता. त्याच्यासाठी एवढं मोठं जाळं कशाला टाकलंस?"

"तुम्हाला माझं कौतुकच करवत नाही," असं म्हणून ती फणकाऱ्याने उठून आली. त्या दिवसापासून खिडकीजवळची खुर्ची तिची झाली. मागून काही जण कुजबुजायचे, हिला आता फार वर चढलंय. चढलंच होतं, खोटं कशाला बोला?

आता तिच्या घराचं सांगतो. घरात आई आणि मोठी बहीण. बाई तिला ताई म्हणायची, ताई हिला धाकटी म्हणायची. वकिलीला लागल्यापासून धाकटी न्यायालयाजवळ एका खोलीत राहायची. आई ताईकडे, तिसऱ्या मजल्यावर. आईचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. ती लेकींना ओळखायची नाही आणि मिळेल त्या दारातून बाहेर पडायची. एकदा नुसत्या परकरावर भर रस्त्यात गाड्यांच्या मधोमध उभी सापडली. ताईच तिला न्हाऊ घालायची, भरवायची, हगलं-मुतलं काढायची, आणि वर आईच्या शिव्या खायची. आई तिला मोलकरीण समजायची. धाकटी रविवारी फळं घेऊन यायची, तासभर बसायची आणि घड्याळ बघायची. आणि गंमत बघा, आई तिला मात्र "वकीलसाहेब, बसा" म्हणायची.

निकालानंतर काही महिन्यांनी ताईने फोन केला. "धाकटे, एक विचारू? खाली औषध आणायला गेले की आईला आत ठेवून घराच्या दाराला बाहेरून दोरी लावते मी. तू पेपरात आलीस ना दोरीवरून, म्हणून म्हटलं विचारावं. चालतं ना?"

धाकटी तेव्हा एका मोठ्या पक्षकारासमोर बसली होती. "अगं ताई, घराला कोण विचारतंय! तो कायदा आश्रमवाल्यांसाठी आहे. ठेव आता, कामात आहे."

ताईने फोन ठेवला आणि निर्धास्त झाली. बहीण वकील, तीही त्याच कायद्याची. आणखी कुणाला विचारायचं?

निकाल मात्र पोलीस ठाण्यांपर्यंत गेला होता. वरून परिपत्रक निघालं होतं की दोरी, तार, अडसर, काहीही असो, ते कुलूपच धरावं. आणि जागा म्हणजे कुठलीही जागा. दोरीबाईने ते परिपत्रक कौतुकाने पक्षकारांना दाखवलं होतं. आपल्या घराला दार आहे हे तेव्हा तिच्या डोक्यातच आलं नाही.

एका दुपारी ताई औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती. वर आईने शेगडी पेटवली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातला. धूर बघून शेजारी धावले. आई आतून दार ओढत होती. ती जितकी ओढायची तितकी गाठ आवळत होती. शेजाऱ्याने नखं तोडून घेतली, मग तो सुरी आणायला घरात पळाला. दोरी कापली तेव्हा आई दाराशीच पडली होती.

ताईला ठाण्यात नेलं. पोलीस अधिकारी भला माणूस होता, तो दोरीबाईला म्हणाला, "मॅडम, माझे हात बांधलेले आहेत. तुमचाच निकाल आहे." आईचं सगळं उरकून आलेली ती, डोळे सुजलेले, तिथल्या बाकावर मटकन बसली.

खटला उभा राहिला तेव्हा तिने जिवाचं रान केलं. म्हणाली, चार प्रश्न पुन्हा विचारा. दोष होता तो आश्रमांचा. ही लेक आहे, रात्रंदिवस आईचं करणारी. ही त्या दोषात कुठे बसते? सरकारी वकील तिच्यापेक्षा पुष्कळ लहान. त्याने उठून तिचंच वाक्य वाचलं. "कुठलाही माणूस, कुठल्याही छपराखाली, कुणीही, कशानेही." वाचून झाल्यावर तो तिच्याकडे बघून मान झुकवून बसला. त्या बिचाऱ्याने ते आदरानेच केलं होतं. तिला चपराक बसायची ती बसलीच. खालच्या न्यायाधीशांनी सांगितलं, मला वरच्या न्यायालयाचा निकाल बंधनकारक आहे, आणि शिक्षाही तीन वर्षांच्या खाली आणता येत नाही. जामीन संपला. ताई तुरुंगात गेली. वरच्या न्यायालयानेही हात झटकले: आमचाच निकाल आहे, बदलायचा तर शेवटच्या न्यायालयात जा.

त्या सगळ्या काळात ताई त्या फोनबद्दल एक अक्षर बोलली नाही. धाकटीने स्वतःच जाऊन न्यायालयाला सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. वकिलाचा सल्ला चुकला म्हणून गुन्हा माफ होत नाही, हे ती कुणालाही झोपेत सांगू शकली असती. या कायद्याच्या मुद्द्याआड तिने ते मनातल्या मनात दडपलं, आणि तिला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाजही वाटली, पण नंतर.

तुरुंगाच्या भेटीच्या जाळीपलीकडे ताई दर वेळी आणखी वाळलेली दिसायची. एकदा म्हणाली, "इथे रोज संध्याकाळी बाहेरून कडी लागते ना, तेव्हा माझा श्वास कोंडतो गं. आईलाही असंच व्हायचं का?"

धाकटी म्हणाली, "मी सोडवते तुला. काहीही करीन."

"काहीही कशाला?" ताई म्हणाली. पण धाकटी तोवर उठली होती.

ताईला जामीन नाकारून शेवटच्या न्यायालयाने तिचं अपील दाखल करून घेतलं होतं; आश्रमवाला मात्र जामिनावर होता आणि त्याचंही अपील तिथेच पडून होतं. कायद्याचा प्रश्न एकच, म्हणून न्यायालयाने दोन्ही अपिलं एकत्र ऐकायची ठरवली. हे कळलं त्या संध्याकाळी पांढऱ्या मिशांचा वकील खिडकीजवळच्या खुर्चीपाशी आला, दुसरी खुर्ची ओढून बसला.

"बाई, आता आपण एका होडीत. दोरी कुलूप नाही म्हटलं की तुमची बहीण सुटते."

"आणि तुमचा खाटीकही."

"हो, तोही. शब्दाला नातं कळत नाही. तुम्ही आश्रम आणि घर असा फरक करून बघा, माझी ना नाही. पण माझं ऐका, तो टिकणार नाही." जाताना त्याने तिच्या टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवली. माणूस एवढा सभ्य की संताप यावा.

एक अडचण होती. मेलेल्यांच्या घरच्यांचं वकीलपत्र तिने परत केलं होतं, पण ज्यांच्यासाठी भांडलो त्यांच्याच विरुद्ध त्याच मुद्द्यावर उभं राहायचं म्हणजे त्यांची लेखी संमती हवी. ती शिलाईवालीकडे गेली. मशीनवर कुणाच्या तरी विजारीची उंची कमी करणं चाललं होतं. बाई चाचरत सगळं बोलली. शिलाईवालीने मशीन थांबवलं नाही.

"मोठे वकील बघा ना दुसरे, ताईसाठी."

"ती माझी बहीण आहे. दुसऱ्याच्या हाती कशी देऊ?"

"देते मी सही. इतर घरच्यांनाही सांगते." मग तिने दातांनी दोरा तोडला. "दोरी म्हणजे कुलूप, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलं. दोरी म्हणजे कुलूप नाही, हेही तुमच्याच तोंडून ऐकायचंय मला. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मजा नाही."

सुनावणीला ताईलाही आणलं होतं. दोन पोलीस बायकांच्या मधे, शेवटच्या बाकावर. दुसऱ्या टोकाला शिलाईवाली आणि बाकीचे घरचे. आश्रमवाला पुढे, इस्त्रीच्या कपड्यांत.

पांढऱ्या मिशांनी आपलं जुनंच मांडलं आणि बसले. मग दोरीबाई उठली. आधी तिने मधला रस्ता धरला. दोष आश्रमांचा होता. हेतू बघूनच अर्थ लावा, पण हेतूला कडा घाला. आश्रमवाल्याच्या दारावर दोरी म्हणजे कुलूप, लेकीच्या दारावर नाही. सिनियर कधीचे वारले होते, आणि त्यांची भाषा आता तिच्या तोंडी होती. फार सुंदर बोलली ती. तिचं तिलाच वाटलं, आता सुटते ताई.

मधले न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "कायद्यात आश्रम हा शब्द कुठे आहे?"

"नाही, महाराज. जागा आहे. पण त्या जागेचा अर्थ..."

"परावलंबी व्यक्ती राहत असलेली जागा. यात संदिग्ध काय आहे? तुमच्या आई परावलंबी होत्या ना?"

"होत्या."

"त्या जागेत राहत होत्या?"

"हो."

"मग शब्द स्पष्ट आहे. स्पष्ट शब्द बाजूला सारून आम्ही हेतू शोधायला जाणार नाही. राहिला प्रश्न कुलपाचा. एकाच कलमातला एकच शब्द. तो एका दारावर एका अर्थाने आणि दुसऱ्या दारावर दुसऱ्या अर्थाने आम्हाला वाचता येणार नाही." त्यांनी समोरचा जुना निकाल उलटला. "तुम्हीच म्हटलं होतंत, कुलपाला निदान किल्ली असते, या दोरीला तीही नव्हती. उत्तम वाक्य आहे. ते आजही तुमचं आहे का?"

तिने समोरचे कागद सारखे केले.

"बाई, सरळ विचारतो. दोरी म्हणजे कुलूप आहे का? हो म्हणालात तर दोन्ही अपिलं पडतात. नाही म्हणालात तर तसं मांडा, आम्ही ऐकतो. तिसरं उत्तर आमच्यापुढे नाही."

तिने मागे वळून बघितलं. ताई मान खाली घालून नखं बघत होती. शिलाईवाली सरळ तिच्याकडे बघत होती. डोळ्याची पापणी लवत नव्हती. दोरीबाईच्या मनात वितळलेल्या नायलॉनचा गोळा आला. खटल्यातला तो पुरावा वरच्या न्यायालयात तिनेच बोट करून दाखवला होता. तिला वाटलं, इथेच पडावं, म्हणजे तारीख तरी मिळेल. पण पडली नाही. सवयीचे पाय, उभे राहिले.

"नाही, महाराज," ती म्हणाली. "दोरी म्हणजे कुलूप नाही."

मग तिने तेच मांडलं जे कधी काळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तिला चीड आली होती. फौजदारी कायदा आहे, शब्द ताणू नये. कुलूप म्हणजे किल्लीने चालणारं यंत्र, असं शब्दकोश सांगतो. शंका आरोपीच्या पदरात. भोक असेल तर कायदेमंडळाने बुजवावं. आणि वैर्‍याला नको असं कौशल्य तिच्या अंगात. तिने ते पांढऱ्या मिशांपेक्षाही चांगलं मांडलं. एकदा तर मिशांनी मान डोलावून दाद दिली.

निकाल लागला तो तसाच. न्यायाधीशांनी लिहिलं की दोन्ही घटना अंगावर काटा आणणाऱ्या आहेत, पण न्यायालयाने कायद्यात शब्द भरायला सुरुवात केली तर उद्या कुठल्या माणसाला कशासाठी तुरुंगात जावं लागेल ते कुणालाच आधी कळणार नाही. कायदेमंडळाने दुरुस्तीचा विचार करावा. ती दुरुस्ती पुढच्या गुन्ह्यांना लागेल, झालेल्यांना नाही. दोन्ही आरोपी निर्दोष.

ताईला न्यायालयातूनच सोडलं. बाहेरच्या व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती, हातात तुरुंगातून मिळालेली कापडी पिशवी. धाकटीने धावत जाऊन तिला मिठी मारली. ताई मिठीत ताठच उभी राहिली.

एवढ्यात आश्रमवाला आला. त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. त्याने वाकून दोरीबाईला हात जोडले. "बाई, तुमचे उपकार जन्मात फिटणार नाहीत. माझ्या वकिलाला जमलं नाही ते तुम्ही केलंत. मी माणसं मारणारा नाही हो, लोक काहीही म्हणतात. बघा, ठरलं ना शेवटी?" मग ताईकडे वळून म्हणाला, "आपल्यासारख्यांचे हाल लोकांना कळत नाहीत, नाही का ताई? रात्री-अपरात्री उठून जातात ही माणसं. आपण तरी काय करायचं?"

आपल्यासारख्यांचे! धाकटीच्या मस्तकात तिडीक गेली. पण तिने मान हलवली आणि तो निघून गेला.

मागोमाग शिलाईवाली आली. तिच्याबरोबरचे घरचे लांब थांबले. ती आधी ताईला म्हणाली, "तुम्ही सुटलात, बरं झालं. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही." मग धाकटीकडे वळली. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही.

"बाई, एवढंच समजावून सांगा. मी शिकलेली नाही. माझ्या बापाला कुणी कोंडलं नव्हतं, तुमच्या आईलाही कुणी कोंडलं नव्हतं, असं आज ठरलं. हो ना?"

"तसं नाही. कायद्याच्या दृष्टीने..."

"कायद्याच्याच दृष्टीने सांगा. मग ती दोघं बाहेर का नाही आली?"

चार प्रश्न, शब्दकोश, शंकेचा फायदा, सगळं दोरीबाईच्या जिभेवर होतं. त्यातलं एकही या बाईला देता येण्याजोगं नव्हतं. शिलाईवाली घरच्यांबरोबर जिना उतरून गेली.

"चल," धाकटी म्हणाली. "रिक्षा करू. माझ्याकडेच राहा आता."

ताई जागची हलली नाही. "धाकटे, एवढं सगळं झालं. पोलीस, न्यायाधीश, तू, तो मिशीवाला. इतकी माणसं इतकी वर्षं बोलली. पण मला कुणी विचारलं नाही गं."

"काय विचारायचं होतं?"

"मी तिला कोंडलं होतं की नाही, ते." ताईने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कोंडलं होतं. घट्ट गाठ मारायचे मी, तिला सुटू नये म्हणून. ती आतून दार ओढायची, मला हाका मारायची, आणि मी जिना उतरायचे. मला तेवढाच वेळ मोकळा मिळायचा. औषध घेतल्यावरसुद्धा मी लगेच वर जायचे नाही, खाली उभी राहायचे. त्या दिवशीही रांग संपली होती, धाकटे. मी उभी होते नुसती."

"ताई, हे कुणाजवळ बोलू नकोस."

"हेच म्हणणार तू," ताई म्हणाली. "तीन वर्षांतलं निम्मं भरलं होतं मी. उरलेलंही भरलं असतं. मग मला त्या घरात जाता आलं असतं. आता कशी जाऊ? तू सांगितलंस ना त्यांना, मी काही केलंच नाही म्हणून."

ती व्हरांड्यातून जिन्याकडे निघाली. धाकटी मागे गेली तेव्हा तिने न वळता हात मागे करून तिला थांबवलं. खाली फाटकाशी पक्षकारांची गर्दी होती, त्यात ती मिसळली. दोरीबाईच्या पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. शिपायाने तिचं नाव दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा तिने गाऊन सारखा केला आणि आत गेली.